टक्के पेटीचे की नासाचे?

माझे मामा नागपुरात कळमन्याच्या मार्केटात चाळीस वर्षं संत्र्याचे अडत्ये होते. आता वय ६१, धंदा मुलाच्या हाती, सकाळी फुटाळ्यावर फेरी आणि घरी येऊन बीपीची गोळी. मागच्या महिन्यात रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहून दिली. कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नव्हतं, म्हणून मामांना ती गोळी जरा जास्तीची वाटली. घरी आले तर मोबाइलवर दोन निरोप येऊन पडलेले. एकात लिहिलं होतं की या गोळीनं हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होतो. दुसरा त्यांच्या मार्केटच्या ग्रुपवरचा होता: शंभरातल्या नव्याण्णवांना या गोळीचा काडीचा उपयोग नाही, सगळा कंपन्यांचा खेळ आहे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे असले निरोप माझ्याकडेच येतात. मामांनी फोन पुढे केला. "पोरी, यातला खोटा कोणता ते सांग फक्त."

आकडा खोटा एकही नव्हता. दोन्ही आकडे एकाच औषधचाचणीतून निघालेले आहेत, आणि ते तसे कसे निघतात हे समजायला बेरीज-वजाबाकी आणि एक भागाकार पुरतो.

त्या चाचणीचं नाव ॲस्कॉट. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिच्या स्टॅटिनच्या, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या, भागाचे निकाल आले. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातल्या देशांमधले १०,३०५ लोक तिच्यात होते. वय ४० ते ७९, सगळ्यांना बीपी, कोलेस्टेरॉल फारसं चढलेलं नाही, पण बीपीखेरीज धोक्याच्या आणखी किमान तीन गोष्टी प्रत्येकाकडे होत्या. पुरुष असणं ही त्यातली एक धरली होती, वय ५५ च्या वर असणं दुसरी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असणं तिसरी. मामा पुरुष आहेत, ६१ चे आहेत आणि त्यांच्या थोरल्या भावाला पन्नाशीच्या आत अटॅक आला होता. म्हणजे युरोपात जन्मले असते तर मामा या चाचणीत थेट बसले असते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा प्रत्येक आकडा अशाच माणसांचा आहे, सगळ्या जगाचा नाही.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या लोकांचे दोन गट केले. ५,१६८ जणांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, मामांना लिहून दिली तीच गोळी. ५,१३७ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कोण कुठली घेतंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. साधारण ३.३ वर्षांनी मोजलं तेव्हा प्लासिबोच्या गटात १५४ जणांना हार्ट अटॅक आला होता किंवा हृदयविकारानं मृत्यू झाला होता. स्टॅटिनच्या गटात असे १०० जण होते.

आता हेच दोन आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. १५४ ला ५,१३७ नं भागलं की जवळपास ३ टक्के येतात. १०० ला ५,१६८ नं भागलं की १.९ टक्के. तीनाचे एक पूर्णांक नऊ दशांश झाले, म्हणजे जो धोका होता त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग गेला. संशोधकांच्या हिशेबात तो ३६ टक्के भरला. याला सापेक्ष घट म्हणतात. आणि तीनातून एक पूर्णांक नऊ दशांश सरळ वजा केले तर उरतात १.१ टक्के. शंभर माणसांमागे एक माणूस, जरासा जास्त. ही निरपेक्ष घट. मार्केटच्या ग्रुपवरचे 'नव्याण्णव' तिथून आले.

मी कागदावर हे लिहीत होते तेव्हा मामा चष्म्यातून बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे टक्के पेटीचे सांगून राहिले की नासाचे, एवढंच ना?"

इतकं नेमकं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. शंभर संत्र्यांच्या पेटीत तीन फळं नासतात असं समजा. कुणी नवीन पद्धतीनं पेटी भरली आणि दोनच नासली. पेटी भरणारा सांगेल, नास ३३ टक्क्यांनी कमी केला. मालक म्हणेल, पेटीत एक फळ जास्त मिळालं. दोघंही खरं बोलतायत. पण वाढीव मजुरी द्यायची की नाही हे मालक नासाच्या टक्क्यांवर ठरवत नाही, पेटीतल्या फळावर ठरवतो. जिथे शंभरात तीस फळं नासतात अशा मालाला तीच पद्धत लावली तर नास तेवढाच ३३ टक्के कमी होईल, पण वाचलेली फळं दहा असतील. तिथे मालक वाढीव मजुरी द्यायला मागेपुढे पाहणार नाही.

औषधांच्या जाहिराती टक्के नेहमी नासाचे सांगतात. अमेरिकेत ॲटोर्व्हास्टॅटिन 'लिपिटॉर' या नावानं विकलं जातं आणि त्याच्या वर्तमानपत्री जाहिरातीत '३६ टक्के' हा आकडा ठळक असायचा. वर एक चांदणी, आणि त्या चांदणीची तळटीप बारीक अक्षरात: प्लासिबोवाल्यांपैकी ३ टक्क्यांना अटॅक आला, लिपिटॉरवाल्यांपैकी २ टक्क्यांना. सगळी माहिती एकाच पानावर होती. फरक फक्त अक्षराच्या आकाराचा.

दुसरा निरोप पाठवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही, पण त्याआधी एनएनटी नावाचा आकडा समजून घ्यावा लागेल.

१९८८ मध्ये लॉपॅसिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स या तिघांनी एका लेखात सुचवलं की औषधाचा फायदा टक्क्यांऐवजी माणसांत सांगावा. एका माणसाचा अटॅक टळावा म्हणून किती जणांनी ती गोळी घ्यावी लागते? या आकड्याला 'नंबर नीडेड टू ट्रीट' म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी एनएनटी. काढायचा कसा? निरपेक्ष घट घ्या आणि १०० ला तिनं भागा. ॲस्कॉटमध्ये फरक अचूक धरला तर १.०६ टक्के होता, आणि १०० भागिले १.०६ म्हणजे ९४.

तर मामांसारख्या ९४ माणसांनी ३.३ वर्षं रोज ही गोळी घेतली तर त्यांच्यातला एक अटॅक टळतो. गोळ्या मोजल्या तर १ लाख १३ हजारांच्या आसपास भरतात. ऐकायला अवाढव्य वाटतं. पण एका माणसाच्या वाट्याला दिवसाला एकच गोळी येते, आणि एक अटॅक म्हणजे काय हे ज्या घरानं पाहिलंय त्याला १ लाख १३ हजार गोळ्या कमीही वाटतील. आकडा स्वतः काही ठरवत नाही.

या ९४ जणांचं पुढे काय होतं ते उलगडून बघू, कारण गैरसमज बहुतेक इथेच होतात. गोळी नसती तर त्यांच्यातल्या साधारण तिघांना तीन-सव्वातीन वर्षांत अटॅक आला असता. उरलेल्या ९१ जणांना गोळी घेतली काय, न घेतली काय, त्या काळात काही होणारच नव्हतं. गोळी घेऊनही दोघांना अटॅक येतो. आणि एकाचा टळतो. तो एक कोण हे त्याला स्वतःला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, चाचणी करणाऱ्यालाही कळत नाही. टळलेल्या अटॅकची कुठे नोंद होत नाही. म्हणून गोळी घेणारा प्रत्येक धडधाकट माणूस समजतो की आपण तिच्यामुळे वाचलो, आणि गोळी घेऊन अटॅक आलेला प्रत्येक जण समजतो की ती कुचकामी होती. दोघांच्या अनुभवावरून गोळीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

'नव्याण्णवांना उपयोग नाही' या वाक्यात याच गोष्टीची गफलत आहे. ते वाक्य असं भासवतं की नव्याण्णव जण आधीच ओळखू येतात आणि त्यांना गोळी उगाच चारली जाते. तसं नसतं. पेटी बंद असताना कुठलं फळ नासणार ते दिसत नाही, म्हणून गवत सगळ्याच फळांभोवती घालावं लागतं. शिवाय त्या निरोपात काळाचा पत्ताच नाही. ९४ हा आकडा ३.३ वर्षांचा आहे. मामा काही तीन वर्षांत गोळी बंद करणार नाहीत. फरक दरवर्षी तेवढाच साठत गेला असं मानलं तर दहा वर्षांत निरपेक्ष घट तीन टक्क्यांच्या पुढे जाईल आणि एनएनटी तिशीच्या आसपास येईल. हे माझं ढोबळ गणित आहे, ॲस्कॉटनं दहा वर्षं प्लासिबो देऊन मोजलेलं नाही. पण काळ न सांगता कुणी एनएनटी सांगितला तर तो पेटीचा आकार न सांगता भाव सांगण्यासारखा आहे.

मामांनी मग तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते. "मग साडूभाऊंच्या डॉक्टरनं त्यांना गोळी सोडूच नका म्हणून दम काहून दिला? मला तर साधं सांगितलं, घ्या म्हणून."

साडूभाऊंची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. त्यांच्यासारख्यांची जुनी आणि प्रसिद्ध चाचणी १९९४ ची, फोर एस नावाची, स्कँडिनेव्हियातली. तिच्यात ४,४४४ जण होते, आणि प्रत्येकाला आधी अटॅक येऊन गेलेला होता किंवा छातीत दुखण्याचा आजार होता. औषध सिम्व्हास्टॅटिन, काळ ५.४ वर्षं. हृदयविकारानं मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण प्लासिबोवर २८ टक्के होतं, औषधावर १९ टक्के. सापेक्ष घट ३४ टक्के, म्हणजे मामांच्या ३६ च्या शेजारीच. पण निरपेक्ष घट जवळजवळ ९ टक्के, आणि एनएनटी १२ च्या आसपास. नुसते मृत्यू मोजले तरी प्लासिबोवर २५६ आणि औषधावर १८२ होते. दर तीस माणसांमागे एक जीव. काळ वेगळा आहे, औषधही वेगळं आहे, तेव्हा ९४ आणि १२ यांची एकास एक तुलना करू नये. पण अंतराचं मुख्य कारण औषधात नाही, माणसात आहे. साडूभाऊंची पेटी आधीच नासायला लागलेली होती.

स्टॅटिनच्या सगळ्या आकड्यांमागची किल्ली हीच. सापेक्ष घट एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे फारशी बदलत नाही. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसतं की एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ३९ मिलिग्रॅमनं उतरवलं की हृदयविकाराच्या मोठ्या घटना साधारण एक चतुर्थांशानं कमी होतात. बदलतो तो मूळ धोका. तुमचा फायदा म्हणजे तुमच्या मूळ धोक्याचा तेवढा हिस्सा. माझ्या मामेभावाचं वय ३५, बीपी नाही, साखर नाही, तंबाखू नाही, फक्त कोलेस्टेरॉल किंचित वर. त्याचा दहा वर्षांचा धोका समजा १ टक्का आहे. त्यातला एक चतुर्थांश गेला तर एनएनटी ४०० होतो, तोही दहा वर्षांचा. जाहिरात त्यालाही तोच ठळक आकडा दाखवेल.

ॲस्कॉटबद्दल दोन गोष्टी मी मामांपासून लपवल्या नाहीत. पहिली म्हणजे ती ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली. चालवायची होती पाच वर्षं, पण फायदा स्पष्ट दिसल्यावर प्लासिबोवाल्यांना तसंच ठेवणं योग्य वाटलं नाही. त्यात गैर काही नाही. मात्र फरक सगळ्यात छान दिसत असताना मोजणी थांबवली की तो खऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसण्याची शक्यता असते. एक चतुर्थांशाचा हिशेब मामांना लावला तर एनएनटी ९४ ऐवजी १३३ येतो. चाचणीतले आकडे घेऊन योगायोगाला जागा सोडली तर तो ६० पासून २१५ पर्यंत कुठेही असू शकतो. ९४ हा या पट्ट्यातला एक ठिपका आहे, दगडावरची रेघ नव्हे. दुसरी गोष्ट, त्या ३.३ वर्षांत एकूण मृत्यू स्टॅटिनवर १८५ आणि प्लासिबोवर २१२ झाले. फरक दिसतो, पण तो योगायोगानंही पडू शकतो इतका लहान आहे. म्हणून 'अटॅक टळतो' असं म्हणताना 'जीव वाचतो' असं मनातल्या मनात ऐकू नये. एनएनटी ऐकला की आधी विचारावं, काय टळण्यासाठी?

तोट्याकडेही याच तराजूनं बघायला हवं. इथे एक जुनी चलाखी आहे: फायदा सांगताना टक्के नासाचे, तोटा सांगताना पेटीचे. एक मोठा आणि एक बारीक दिसतो. स्टॅटिनच्या विरोधातले लोक तेच उलटं करतात. २०१० मध्ये १३ चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांत नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण सापेक्ष ९ टक्क्यांनी वाढलेलं होतं. माणसांत सांगायचं तर २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली की एक जास्तीचा मधुमेही. अंगदुखीचं आणखी मजेशीर आहे. २०२२ मध्ये मोठ्या चाचण्यांची एकत्र मोजणी झाली. स्टॅटिनवर २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखतात किंवा थकतात म्हणून सांगितलं, आणि औषध नसलेल्या गोळीवर २६.६ टक्के लोकांनी. दुखणं खरंच होतं, पण बहुतेकांचं दुखणं वयाचं, कामाचं, गुडघ्याचं होतं. गोळीचं फार थोड्यांचं. मामांनी अजून गोळी सुरूही केली नव्हती आणि त्यांची पिंढरी दुखायला लागली होती, कारण ग्रुपवर वाचलं होतं.

"बरं, माझे किती?" मामा म्हणाले. "युरोपवाल्यांचे तीन टक्के. माझे?"

हा प्रश्न मी सोडवू शकत नाही आणि तसं त्यांना सांगितलं. ॲस्कॉटमध्ये मुख्यतः गोरे लोक होते. भारतीयांना हृदयविकार सरासरीनं कमी वयात होतो, त्यामुळे तिथले तीन इथे जास्त असायची शक्यता आहे. मामांचं बीपी किती आटोक्यात आहे, साखरेचा काठ कुठे आहे, भावाला नेमकं कितव्या वर्षी झालं, यावर आकडा हलतो. डॉक्टर वय, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू हे सगळं एका तक्त्यात घालून दहा वर्षांचा अंदाज काढतात. तो अंदाजही युरोप-अमेरिकेच्या माणसांवर बेतलेला असू शकतो, तेव्हा कुठला तक्ता वापरला हे विचारायला हरकत नाही. तो आकडा मिळाला की बाकीचं गणित मामांना येतं: त्याचा चौथा हिस्सा काढायचा, आणि १०० ला त्यानं भागायचं. दहा वर्षांचा धोका १२ टक्के निघाला तर ३ टक्के वाचतात, एनएनटी ३३. वीस निघाला तर ५ वाचतात, एनएनटी २०.

पुढच्या आठवड्यात मामा कागदाची घडी खिशात घालून रामदासपेठेला गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "साहेब, गोळी न घेतली तर दहा वर्षांत माझ्यासारख्या शंभरांतल्या किती जणांना अटॅक येतो, आणि घेतली तर कितींना?" डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि संगणकात वय टाकायला घेतलं. पंधरा आला. मामांनी तिथेच बोटांवर हिशेब केला. पंधराचा चौथा हिस्सा पावणेचार, शंभराला पावणेचारनं भागलं की सव्वीस-सत्तावीस.

"सत्तावीस फळांत एक," ते मला म्हणाले, आणि डॉक्टरांना विचारलं की गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर.